वड्याखालची हवा

बटाटेवडा तेल पितो तो कढईत, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातलं बरंचसं तेल तो कढईबाहेर आल्यावर, पहिल्या एक-दोन मिनिटांत पितो. अन्नशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने वर्गात हे ऐकलं तेव्हा तिला एकदम देवरुखची आजी आठवली. आजी वडे झाऱ्यात घेऊन कढईच्या काठावर दोन-तीनदा ठोकायची, झारा तिरका धरून धार थांबेपर्यंत थांबायची आणि मगच वडे बांबूच्या रोळीत टाकायची. रोळीखाली परात असे. मुलं ताटकळलेली असत, पण हे ठोकणं कधी चुकत नसे.

त्याचं कारण वर्गात उलगडलं. तेल 170 ते 180 अंश सेल्सिअसला तापलेलं असतं आणि पिठातलं पाणी 100 अंशांना उकळतं. म्हणून वडा सोडताच त्याच्याभोवती बुडबुडे उसळतात. ती आतून सुटणारी वाफ. ती जोरात बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. वडा बाहेर काढला की कवच निवू लागतं, त्याच्या बारीक भोकांतल्या वाफेचं पाणी होतं, तिथला दाब उतरतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. ड्रॉपरचा फुगा दाबून सोडला की शाई वर चढते, तसं. म्हणजे तेल निथळायचं ते वडा कडकडीत गरम असतानाच. नंतर कितीही टिपलं तरी आत गेलेलं तेल परत येत नाही.

लग्नानंतर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये रोळी नव्हती. तिथे वर्तमानपत्र पसरायची रीत होती. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016मध्ये त्याविरुद्ध सूचना काढली आणि घरात टिश्यूपेपर आला. कागदावर उमटलेला तेलाचा डाग पाहून बरं वाटतं, हे खरंच. पण त्याच कागदावर पाच-दहा मिनिटं बसलेला वडा उलटून पाहिला, तर वरची बाजू कुरकुरीत आणि बूड लिबलिबीत लागतं.

इथे दोष तेलाचा कमी आणि पाण्याचा जास्त. वड्याचं कवच कुरकुरीत असतं, कारण त्यात पाणी अगदी थोडं उरलेलं असतं. आतली बटाट्याची भाजी मात्र ओलसर आणि गरम असते. वडा बाहेर काढल्यावरही ती वाफ सोडत राहते. वरची वाफ हवेत जाते. खालची कागदावर अडते, तिथेच तिचं पाणी होतं, आणि ते पाणी मिळताच बेसनाचं कोरडं पूट पुन्हा लवचीक होतं. एकावर एक वडे रचले तर हेच प्रत्येक थरात घडतं.

आता ती घरून खाण्याच्या ऑर्डरी घेते. तिच्या ओट्यावर केक निववायची तारेची जाळी असते, ताटापासून दोन बोटं उंच. घाणा काढायची वेळ ती बुडबुड्यांवरून ओळखते: ते विरळ झाले, चुरचुर मंदावली की कवचातलं पाणी बरंच गेलेलं असतं. मग झारा ठोकायचा. वडा क्षणभर कागदाला टेकवायचा, कारण नुसत्या जाळीवर तेलाचा शेवटचा थेंब बुडाला लटकून राहतो. कागद तो शोषून घेतो. आणि लगेच जाळीवर, सुटासुटा, एकाच थरात. नुसता कागद किंवा नुसती जाळी यांपेक्षा ही जोडी तिला सरस वाटते.

तेल थंड असेल तर मात्र जाळी काही करू शकत नाही. पिठाचा थेंब टाकल्यावर तो बुडबुड्यांसह चटकन वर आला नाही, तर वाफ मंद सुटते, कवच धरायला वेळ लागतो आणि वडा तेलकटच निघतो. एकदम जास्त वडे सोडले की तेलाचं तापमान असंच उतरतं.

जाळीलाही मर्यादा आहे. भाजीतलं पाणी आतूनच कवचाकडे सरकत राहतं, त्यामुळे वडा तासाभराने मऊ पडणारच. चकलीचं तसं नाही. ती आतपर्यंत कोरडी तळली जाते. तिला धोका बाहेरच्या दमट हवेचा. म्हणून चकली जाळीवर पूर्ण निववून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. कोमट भरली तर झाकणाला पाणी धरतं आणि चकली सादळते. वडे मात्र ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच देते, चटणी वेगळ्या डबीत, आणि गिऱ्हाइकाला यायची वेळ विचारूनच शेवटचा घाणा सोडते.