अधिपरिचारिका म्हणजे कोण?

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्स आहे. दहावीला ती माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकली. पुढे जनरल नर्सिंगचा कोर्स करून कोकणातल्या एका जिल्हा रुग्णालयात कंत्राटी पदावर लागली. साडेतीन वर्षांनी तिला सौदीतल्या एका हॉस्पिटलची ऑफर आली, तेव्हा ती अनुभवाचा दाखला घेऊन अब्बांबरोबर घरी आली. "सर, दाखला मराठीत आहे. तुम्ही इंग्रजी करून द्या. तुमच्यासारखं कुणाला जमणार?" असं म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? त्याच संध्याकाळी बसून मी तर्जुमा करून दिला. त्या एका पानात मी चार चुका केल्या. त्याची किंमत तिने मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

दाखल्यात लिहिलं होतं की, त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी अधिपरिचारिका या पदावर नवजात शिशु अतिदक्षता कक्षात कार्यरत होत्या. खाली सही होती जिल्हा शल्य चिकित्सकांची.

मी भाषेचा मास्तर. 'अधि' हा उपसर्ग शिकवून माझी वीस वर्षं गेली. अधिपती, अधिकारी, अधीक्षक, म्हणजे वरचा. मग अधिपरिचारिका म्हणजे साध्या परिचारिकेच्या वरची, असा हिशेब करून मी 'सीनियर नर्स' लिहिलं. पोरीचं भलं होईल असंही मनात होतंच. अतिदक्षता कक्षाचं 'निओनेटल इंटेन्सिव्ह केअर युनिट' केलं, अभियानाचं 'कॅम्पेन', आणि शल्य चिकित्सकांना 'डिस्ट्रिक्ट सर्जन' करून टाकलं. पान वाचायला झकास दिसत होतं.

सौदीत किंवा इतर आखाती देशांत नर्सचा परवाना मिळण्याआधी कागदपत्रांची मूळ ठिकाणी पडताळणी होते. पडताळणी करणारी संस्था तुमच्या कागदावर विश्वास ठेवून थांबत नाही. ज्या कार्यालयाने दाखला दिला, त्यालाच थेट विचारते की ही व्यक्ती तुमच्याकडे होती का, कोणत्या पदावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. रुग्णालयाने उत्तर दिलं, 'स्टाफ नर्स'. आमच्या अर्जात होतं 'सीनियर नर्स'. मुलगी खरी, नोकरी खरी, तारखा खऱ्या, पण पद जुळेना. अहवालात विसंगतीचा शेरा आला. तो निस्तरेपर्यंत ऑफरची मुदत संपली.

तिने मला एक शब्दही वाईट बोलला नाही. तिच्या अब्बांनी मात्र विचारलं, "मास्तर, अधिपरिचारिका म्हणजे नक्की कोण?"

मग मी तिच्या रुग्णालयातल्या एका जुन्या कारकुनाकडे जाऊन बसलो. त्यांनी शिडी समजावली. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, वॉर्डात पाळी करणारी. तिच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. सगळ्यांच्या वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. उपसर्ग बघून अंदाज बांधणारा माणूस इथे हमखास फसतो, कारण 'अधि' शिडीच्या खालच्या पायरीवरही आहे आणि वरच्या पायरीवरही.

ते म्हणाले, "सर, तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. ही पदं आधी इंग्रजीतच होती. मराठी नावं नंतर दिली."

ही गोष्ट मला भाषेचा शिक्षक असून सुचली नव्हती. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणायचं ठरलं. त्या कामासाठी भाषा संचालनालयाने जे कोश केले त्यात एक पदनाम कोश आहे. त्यात इंग्रजी पदाला मराठी पर्याय दिला आहे. म्हणजे अशा दाखल्याचं इंग्रजी करताना आपण भाषांतर करतच नसतो. मूळ नाव शोधून जागेवर ठेवायचं असतं. आपल्या बुद्धीने नवं इंग्रजी घडवलं की ते मूळ नावाशी जुळण्याची शक्यताच उरत नाही.

मग आम्ही तो दाखला पुन्हा ओळीओळीने लावला.

पद: तिची पगाराची पावती इंग्रजीत होती, त्यावर 'स्टाफ नर्स' सरळ छापलेलं होतं. ती मी पहिल्या दिवशी मागायला हवी होती. 'कंत्राटी' हा शब्दही लपवायचा नाही, कारण कार्यालय तो सांगणारच. 'रजिस्टर्ड नर्स' असंही पदाच्या जागी लिहायचं नाही. ती परिचर्या परिषदेची नोंदणी झाली, नोकरीतलं पद नव्हे.

अभियान: इथे अभियान म्हणजे मिशन, नॅशनल हेल्थ मिशन. 'कॅम्पेन' वाचून परदेशातल्या माणसाला वाटेल की बाई पोलिओचे डोस पाजत फिरत होती.

कक्ष: ही चूक सर्वांत धोक्याची होती. मराठीत आपण सर्रास नवजात शिशु अतिदक्षता कक्ष म्हणतो, पण तिच्या कक्षाचं सरकारी इंग्रजी नाव आहे 'स्पेशल न्यूबॉर्न केअर युनिट', म्हणजेच एसएनसीयू. तिथे वॉर्मर, फोटोथेरपी, ऑक्सिजन, नळीने दूध देणं ही कामं तिने केली होती. दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागणारी बाळं तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवत. मी लिहिलेल्या नावामुळे व्हेंटिलेटरवरच्या बाळाची नर्स म्हणून तिची भरती झाली असती आणि पहिल्याच रात्रपाळीला तिच्यासमोर असं बाळ आलं असतं. त्याचा विचार मी आजही सहज करू शकत नाही. एसएनसीयू हे नाव परदेशात सगळ्यांना कळत नाही हे खरं. त्यावर उपाय नाव बदलण्याचा नाही. नाव तेच ठेवून पुढे एका वाक्यात काम लिहायचं: किती खाटा, कोणती उपकरणं, काय काय हाताळलं.

सही: जिल्हा शल्य चिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन. हा माणूस जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख असतो. बाहेरच्याला वाटतं, कुणीतरी ऑपरेशन करणारा डॉक्टर आहे, नर्सच्या नोकरीचा दाखला हा का देतो? म्हणून नावापुढे 'जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख' एवढं जोडलं.

शेवटी हे सगळं आम्ही स्वतः लिहून दिलं नाही. तिने अर्ज केला आणि रुग्णालयाने स्वतःच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह इंग्रजी दाखला दिला. पडताळणीला उत्तर देणाऱ्या टेबलावरच्या नोंदी आणि दाखला एकाच घरचे झाले, त्यामुळे पुढच्या वेळी शेरा आला नाही. आता ती दुसऱ्या एका हॉस्पिटलात आहे. पगार पहिल्या ऑफरपेक्षा थोडा कमी आहे. तो फरक माझ्या 'अधि'चा.

अजूनही मोहल्ल्यातली पोरं दाखले घेऊन येतात. परवा एक जण सार्वजनिक बांधकाम विभागाचं पत्र घेऊन आला आणि म्हणाला, "सर, डिपार्टमेंट लिहू ना?" मी आधी विचारलं, सही कुणाची आहे? कार्यकारी अभियंत्याची होती. मंत्रालयातला तो विभाग म्हणजे डिपार्टमेंट, पण कार्यकारी अभियंत्याचा विभाग म्हणजे डिव्हिजन. शब्द एकच, ऑफिस दोन. त्याला म्हटलं, बाळा, लिहायचं नंतर बघू, आधी घरी जा आणि पगाराची पावती घेऊन ये.