रेघ जाते, पण बस थांबते का?

बसचा नकाशा उघडला की आपण सगळे एकच करतो. आपलं घर शोधतो, जायचं ठिकाण शोधतो आणि दोन्हींना जोडणारी रंगीत रेघ सापडली की खूश होतो. पण थांबा, निम्मंच काम झालंय. रेघ फक्त बस कुठल्या रस्त्याने जाते ते सांगते. ती तुमच्या स्टॉपवर थांबते का, हे दुसरीकडे लिहिलेलं असतं.

माझी आई पंचाहत्तरीची आहे. गुडघ्याच्या व्यायामासाठी तिला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलमध्ये जावं लागतं आणि तिला रिक्षापेक्षा बसच आवडते. तिच्यासाठी बस ठरवताना मी नकाशा आणि वेळापत्रक नीट वाचायला लागले. तीच रीत तुम्हाला सांगते.

सुरुवात पाटीपासून करू. मुंबईत बसच्या पुढच्या पाटीवर नंबरासोबत 'मर्यादित' असा शब्द दिसला, तर ती मोजक्याच स्टॉपवर थांबणारी बस. अशा बसचा नंबर पूर्वापार लाल आकड्यांत लिहितात, पण रंगावर विसंबू नका, शब्द वाचा. दिल्लीत रिंग रोडवरून फिरणारी बस म्हणजे 'मुद्रिका' आणि कमी थांबे घेणारी ती 'तीव्र मुद्रिका'. बंगळुरूत मात्र नंबरापुढचं अक्षर पाहून वेगाचा अंदाज बांधू नका. तिथली ५००-डी ही हेब्बाळ आणि सिल्क बोर्ड यांच्यामधली बस आहे. तिच्यातला 'डी' वेग सांगत नाही, ५०० क्रमांकाच्या भावंडांतून हा मार्ग वेगळा ओळखू यावा म्हणून तो आहे. म्हणजे नंबराला चिकटलेलं अक्षर एका शहरात वेग सांगेल, दुसऱ्या शहरात रस्ता. नव्या शहरात गेलात तर आधी नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची यादी वाचा. साधी बस आणि जलद बस हे दोन वेगळे मार्ग आहेत असंच समजा, मग नंबर एक का असेना.

आता वेळापत्रक. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, रीत मात्र कुठेही चालेल. समजा, आमच्या नाक्यावरून दोन बस सुटतात. साधी दर दहा मिनिटांनी, मर्यादित दर अर्ध्या तासाने. रकाने असे आहेत: नाका, मंडई, चौक, शेवटचा स्टॉप. साडेनऊची साधी बस मंडईला ९.५०, चौकात १०.१५ आणि शेवटी १०.४० ला पोहोचते. ९.३५ ची मर्यादित मंडईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ दाखवते, चौकात १०.०७ आणि शेवटी १०.२३.

ती आडवी रेघ म्हणजे छपाईची चूक नव्हे. बस मंडईवरून जाईल, पण थांबणार नाही. काही वेळापत्रकांत रेघेऐवजी जागा कोरी असते. कोरी जागा मधेच आली आणि पुढे परत वेळ दिली असेल, तर बस तो स्टॉप गाळते. एखाद्या रकान्यापासून शेवटपर्यंत सगळंच कोरं असेल, तर ती फेरी तिथेच संपते. हा फरक पक्का लक्षात ठेवा, नाहीतर कंडक्टर अर्ध्या वाटेत उतरायला सांगेल.

आईचं हॉस्पिटल यातल्या एकाही रकान्यात नाही. वेळापत्रकात फक्त मोठे थांबे छापतात, मधले लहान स्टॉप आपण मोजायचे. चौक ते शेवटचा स्टॉप साध्या बसला पंचवीस मिनिटं लागतात आणि वाटेत आठ टप्पे आहेत, म्हणजे टप्प्याला साधारण तीन मिनिटं. हॉस्पिटल चौकानंतरचा पहिलाच स्टॉप. म्हणून साडेनऊची साधी बस तिथे १०.१८ च्या सुमाराला पोहोचेल. हा हिशोब मर्यादित बसला लावू नका, कारण ती हॉस्पिटलला थांबतच नाही. चौकात उतरून सातशे मीटर चालावं लागतं. मला आठ-नऊ मिनिटं लागतील, आईला पंधरा, आणि मधे मोठा रस्ता ओलांडायचा.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. आईला साडेदहाला पोहोचायचं आहे. ९.३० ची साधी बस तिला १०.१८ ला दारात उतरवते. ९.३५ ची मर्यादित चौकात १०.०७ ला सोडते, तिथून चालत १०.२२. बसमधली सोळा मिनिटं वाचली आणि पंधरा पायांनी खाल्ली.

खरा फरक बस चुकली तर दिसतो. साधी चुकली तर पुढची ९.४० ला, ती १०.२८ ला पोहोचवते. अजून दोन मिनिटं हातात आहेत. मर्यादित चुकली तर पुढची १०.०५ ला, आणि आई पोहोचणार १०.५२ ला. तोवर तिची वेळ निघून जाईल. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे जलद बस तुझी, दाराशी थांबणारी माझी."

खरंच तसं आहे. मला शेवटच्या स्टॉपला जायचं असतं. साधीला सत्तर मिनिटं लागतात, मर्यादितला अठ्ठेचाळीस. बावीस मिनिटं वाचतात आणि चालणं वाढत नाही. तरीही समोर आलेली साधी बस सोडायची का, हा प्रश्न रोजचा. त्याला माझं उत्तर एका वजाबाकीत आहे: मर्यादितची वाट पाहायची मिनिटं वाचणाऱ्या मिनिटांपेक्षा कमी असतील तर थांबा, जास्त असतील तर चढा. ९.३० ची साधी समोर आली तर मी पाच मिनिटं थांबते. ९.१० ची आली तर चढते, कारण ९.३५ ची वाट पाहणं म्हणजे पंचवीस मिनिटं. साधी मला १०.२० ला पोहोचवते, मर्यादित १०.२३ ला पोहोचवली असती.

एक मर्यादा मात्र ओळखून असा. मर्यादित बस थांबण्याचा वेळ वाचवते, ट्रॅफिकचा नाही. रस्ता तुंबला की दोन्ही एकामागे एक उभ्या राहतात आणि छापलेली बावीस मिनिटं कमी होतात. काही जलद बस उड्डाणपुलावरून जातात आणि तुमचा स्टॉप पुलाखाली राहतो. नकाशात दोन्ही रेघा एकमेकींवर पडलेल्या दिसतात, त्यामुळे हे कळत नाही. म्हणून थांब्यांची यादी उघडून स्टॉपचं नाव शोधा, आणि स्टॉपच्या खांबावरच्या पाटीवर तो नंबर आहे का तेही बघा.

परतीचं वेगळं वाचा. उलट दिशेचा स्टॉप नेहमी बरोबर समोर नसतो, आणि जलद बसची शेवटची फेरी साध्या बसच्या आधीच सुटून गेलेली असू शकते. आईच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर साध्या बसचा नंबर, परतीच्या स्टॉपचं नाव आणि शेवटच्या बसची वेळ आहे. मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी.