चाळीस वर्षांतून एकदा

आमच्या घरात चोरी झाली त्या रात्री मी डावेपणाचा राजीनामा दिला. कॉलेजच्या हॉस्टेलवर रात्री तीन-तीनपर्यंत ‘गुन्हेगार जन्मत नाही, घडवला जातो’ असं तावातावानं सांगणारा मीच होतो. त्या रात्री मात्र मला फक्त तो माणूस हवा होता, हातात बेड्या घातलेला.

कंपनीच्या कामासाठी उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात येऊन आम्हाला आठ महिने झाले होते. नोव्हेंबरात इथं दुपारी चारलाच अंधारून येतं. सहाला घरी आलो तर स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं आणि फरशीवर कुलपाचा तुटका पितळी तुकडा. इथल्या प्लास्टिकच्या दारांना आरपार जाणारं लांबट सिलिंडरचं कुलूप असतं. त्याचं बाहेर आलेलं टोक पकडीत धरून जोर लावला की ते मधोमध मोडतं. अर्ध्या मिनिटाचं काम. लॅपटॉप गेला. त्याचं काही नाही. पण निघताना आईनं मुग्धाच्या हातात घातलेल्या आजीच्या पाटल्याही गेल्या.

पोलिसांनी तक्रारीचा नंबर दिला. घरमालकानं तसंच कुलूप पुन्हा बसवलं. पाच आठवड्यांनी तेच दार, तसाच तुकडा, नवा लॅपटॉप.

त्यानंतर बसस्टॉपवर टोपडी ओढून उभ्या असलेल्या पोरांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. एकदा तर चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. मुग्धा इथं समाजशास्त्रात एमए करते. तिनं ते पाहिलं आणि त्या आठवड्यात लायब्ररीतून दोन पुस्तकं आणून माझ्यापुढे ठेवली. “वाच. दोन्ही तुझ्यासारख्या वैतागलेल्या माणसांनीच लिहिलीत,” म्हणाली.

पहिलं पुस्तक जेम्स क्यू. विल्सन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं, १९७५ सालचं. दुसरं जॉन ली आणि जॉक यंग या दोन ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांचं, १९८४ सालचं. गुन्हेशास्त्रात पहिल्याला उजव्या वास्तववादाचा आधार मानतात, दुसऱ्याला डाव्या. मला वाटलं होतं, एक म्हणेल ‘बडवा’ आणि दुसरा म्हणेल ‘समजून घ्या’. पण दोघांची सुरुवात एकाच कोड्यापासून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही देशांत पगार वाढले, घरं सुधारली, गरिबी कमी झाली. मग गुन्हे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, तेही भरमसाट. गुन्ह्याचं मूळ गरिबीत आहे या आमच्या हॉस्टेलवरच्या सिद्धांताला हा सरळसरळ फेल झालेला टेस्ट केस होता.

विल्सनचं उत्तर असं, की मूळ कारणांच्या मागे लागू नका. काही माणसं स्वभावतःच उतावळी असतात, घरच्या वळणानं तो स्वभाव एकतर आवरला जातो किंवा मोकाट सुटतो. शेवटी गुन्हा करायचा की नाही, हे माणूस फायदा-तोट्याचा हिशेब करून ठरवतो. स्वभाव सरकारला बदलता येत नाही, घरात शिरून वळण लावता येत नाही. पण हिशेब बदलता येतो. पकडलं जाण्याची खात्री वाढवा, शिक्षा लवकर करा, चोरी अवघड करा. १९८२ मध्ये जॉर्ज केलिंगसोबत त्यानं फुटक्या खिडकीचा प्रसिद्ध लेख लिहिला. एक फुटकी काच तशीच राहिली की इथं कुणाचं लक्ष नाही असा निरोप जातो, भले लोक घरात बसतात आणि रस्ता गुंडांचा होतो. म्हणून पोलिसांनी बारीकसारीक बेशिस्तीपासूनच लक्ष घालावं.

खरं सांगतो, वाचताना मी मान डोलावत होतो. माझ्या दारापुरतं तरी त्याचं म्हणणं तंतोतंत होतं. अर्ध्या मिनिटात मोडणारं कुलूप, मागे अंधारी गल्ली, पकडलं जाण्याची शक्यता जवळपास शून्य. असा हिशेब असेल तर चोर दुसऱ्यांदा का येणार नाही?

मग दुसरं पुस्तक उघडलं. यंग मूळचा कडवा डावा. १९७३ साली त्यानं सहलेखकांबरोबर लिहिलेला ग्रंथ हे डाव्या गुन्हेशास्त्राचं बायबलच होतं. त्या वर्तुळातल्या अनेकांचं मत असं होतं की खरे चोर मोठ्या कंपन्यांत बसलेत आणि रस्त्यावरच्या गुन्ह्यांची भीती ही वर्तमानपत्रांनी उठवलेली हूल आहे. ली आणि यंग यांनी आपल्याच लोकांना सुनावलं, की घरफोडी श्रीमंताकडे कमी आणि गरिबाकडे जास्त होते. कामगार वस्तीतल्या बाईला रात्री बाहेर पडायची भीती वाटते तेव्हा ती भ्रमात नसते.

पुढं या मंडळींनी केलेलं एक काम माझ्यातल्या इंजिनिअरला भिडलं. ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय गुन्हे सर्वेक्षणाचा अहवाल १९८३ मध्ये आला. त्यात दिलासा होता: सरासरी माणसाच्या घरी चोरी होते ४० वर्षांतून एकदा, आणि त्याला कुणी लुटतं ५०० वर्षांतून एकदा! पण सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, सरासरीवर विश्वास ठेवणारा पहिल्याच महिन्यात तोंडावर पडतो. सरासरी झकास दिसते आणि काही ग्राहकांचं पान उघडतच नाही. यंग आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या इझलिंग्टन या एकाच भागात घरोघर जाऊन विचारलं. १९८६ च्या त्यांच्या अहवालानुसार तिथल्या सुमारे एकतृतीयांश घरांना वर्षभरात गंभीर गुन्ह्याची झळ लागली होती. गुन्हा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो ठरावीक वस्त्यांत, ठरावीक घरांत साचतो. आमची ४० वर्षं पाच आठवड्यांत संपली होती.

आणि कारण? त्यांचं उत्तर सापेक्ष वंचितता. माणूस किती गरीब आहे, यापेक्षा आपल्याला जे मिळायला हवं होतं ते अन्यायानं मिळत नाही ही जाणीव जास्त पोळते. सुबत्ता वाढली तशा अपेक्षाही वाढल्या. त्यात ज्याच्याकडे नोकरी नाही, युनियन नाही, त्याचं ऐकणारं कुणी नाही, तो परिघावर ढकलला जातो आणि बरोबरच्या पोरांतच आपले नियम बनवतो. पण ते चोराला हार घालत नाहीत. चोर आपल्यासारख्याच गरिबाला लुटतो, हे ते ठणकावून सांगतात.

त्यांचा सगळ्यात व्यवहारी मुद्दा पोलिसांबद्दलचा आहे. गुन्हे उकलतात ते बहुतेक लोकांनी दिलेल्या माहितीवर. १९८१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये पोलिसांनी रस्त्यावरचे गुन्हे रोखायला मोहीम काढली. काही दिवसांत ९४३ जणांना अडवून झडत्या घेतल्या, त्यांत कृष्णवर्णीय तरुण मोठ्या संख्येनं होते. अटक झाली ११८ जणांना. म्हणजे आठांतले सात जण विनाकारण अडवले गेले. मोहीम संपायच्या आत दंगल पेटली. ली आणि यंग म्हणतात, अशा झडत्यांनी लोक बोलायचे थांबतात. माहिती आटली की पोलीस आणखी झडत्या घेतात, मग लोक आणखी गप्प होतात.

हे मला कागदावरचं वाटलं असतं. पण दुसऱ्या चोरीनंतर शेजारच्या आजीबाई केक घेऊन आल्या. त्या जमैकाहून लहानपणी आलेल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, पहिल्या वेळी त्यांनी मागच्या गल्लीत एका मुलाला पाहिलं होतं.

“मग पोलिसांना का नाही सांगितलंत?” माझा आवाज जरा चढलाच.

त्यांनी कप खाली ठेवला. “माझ्या नातवाला या वर्षात चार वेळा अडवलंय. एकदाही काही सापडलं नाही. मी फोन केला असता तर पाचव्यांदा कुणाला अडवलं असतं?”

मला उत्तर सुचलं नाही. बसस्टॉपवर मी ज्यांना बघून रस्ता ओलांडला होता, त्यांत कदाचित तो नातूही असेल.

मग करायचं काय? मुग्धानं एक उदाहरण दाखवलं, ते आमच्यापासून गाडीनं तासाभरावरचं निघालं. रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची सुमारे सव्वादोन हजार सरकारी घरांची वस्ती होती. १९८० च्या दशकात तिथं घरफोड्यांचा कहर होता. तिथं काम करणाऱ्यांनी आधी चोरी झालेल्यांशी, शेजाऱ्यांशी आणि पकडलेल्या चोरांशीही बोलून घेतलं. दोन गोष्टी कळल्या. जवळपास निम्म्या चोऱ्यांत नाणी टाकायच्या मीटरमधली रोकड फोडली जायची. प्रत्येक गरीब घरात भिंतीवर टांगलेली तिजोरीच ती. आणि एकदा चोरी झालेल्या घरात पुन्हा चोरी व्हायची शक्यता इतरांच्या चौपट होती.

म्हणून त्यांनी सगळ्या वस्तीला पहारा बसवला नाही. रोकडीचे मीटर काढले. जिथं चोरी झाली तिथली कुलपं लगेच बदलली आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. इथवर विल्सन खूश झाला असता. पण पुढच्या टप्प्यात कर्जात बुडालेल्या रहिवाशांसाठी पतसंस्था आणि शिक्षा झालेल्यांसाठी गटकाम आलं, शाळांतही काम झालं. हे यंगच्या वहीतलं. तीन-चार वर्षांत चोऱ्या साधारण चतुर्थांशावर आल्या. ते काम करणारे स्वतःला या किंवा त्या पंथाचे म्हणवत नव्हते, ही जुळवाजुळव माझी.

दोन्ही पंथांना पुढं इतिहासानं टपली मारली. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कनं बारीक गुन्ह्यांवर बडगा उगारला आणि गुन्हे घटले, पण तसं न करणाऱ्या शहरांतही घटले. इकडे ब्रिटनमध्ये विषमता फारशी कमी झाली नाही, तरी घरफोड्या झपाट्यानं उतरल्या. त्याचं काही श्रेय तरी बऱ्या कुलपांना जातं. आणि सापेक्ष वंचितता जाणवणारे बहुसंख्य लोक चोरी करत नाहीत, ते का, याचं चोख उत्तर यंगकडेही नाही.

मला समजलं ते एवढंच: पुढची चोरी कशी टळेल आणि चोर का तयार होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला विल्सन बरा, दुसऱ्याला यंग. घोळ होतो तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजीबाईंच्या नातवाची झडती घेऊन शोधतात तेव्हा. कारण मग फोन करणारंच कुणी उरत नाही.

घरमालकाशी तीनदा भांडून मी न मोडणारं सिलिंडर बसवून घेतलं. आजीबाईंकडे आमची किल्ली असते, आमच्याकडे त्यांची. पाटल्या मिळाल्या नाहीत. आईला अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती मुग्धाचे हात बघते, तेव्हा मुग्धा बाह्या खाली ओढते आणि म्हणते, इथं फार थंडी आहे हो.