चुका झाल्या, पण कुणाकडून?

चि. मधुरा,


साहेबांच्या निवेदनाचा तुझा मसुदा वाचला. 'या प्रकरणात काही त्रुटी राहिल्या' या वाक्यावर लोक का चिडतील, असं तू विचारलंस. वाक्य तर सौम्य आहे! पण अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं काय झालं ते बघ.

लेबनॉनमधले अमेरिकी ओलीस सुटावेत म्हणून त्यांच्या सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली होती. नोव्हेंबर 1986 मध्ये हे फुटलं, तेव्हा रेगन टीव्हीवर म्हणाले की ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिलेलीच नाहीत. मग 27 जानेवारी 1987 ला काँग्रेससमोर वार्षिक भाषण झालं. त्यात 'गंभीर चुका झाल्या' असं कर्ता नसलेलं वाक्य आलं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

गंमत अशी की त्याच भाषणात, काही वाक्यं आधी, ते म्हणाले होते : मी जोखीम पत्करली, ती फसली, तिची पूर्ण जबाबदारी माझी. म्हणजे 'मी' होता की! पण तो कुठे होता, ते बघ. जोखीम पत्करणं हे धाडसाचं काम, तिथे 'मी' दिमाखात उभा. ओलिसांना सोडवायचा प्रयत्न फसला, तिथे 'आम्ही'. आणि चुकांपाशी येताच कुणीच नाही. ऐकणाऱ्याला व्याकरण येत नसलं तरी माणूस नेमका कुठल्या शब्दापाशी गायब झाला, हे बरोबर कळतं. सबंध निवेदन कर्त्याविना असतं तर ते निव्वळ सरकारी वाटलं असतं; हे पळवाटेसारखं वाटलं.

फेब्रुवारीअखेर या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या टॉवर आयोगाचा अहवाल आला. 4 मार्चला रेगन पुन्हा टीव्हीवर आले. शस्त्रांचा सौदा केला नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं, माझं मन अजून तेच म्हणतं, पण पुरावे म्हणतात की तसं नव्हतं, असं ते बोलले. यातही स्वतःचा बचाव आहेच. इराणबाबतच्या मोहिमेचं रूपांतर सौद्यात कसं झालं हे सांगताना कर्ता पुन्हा पुसट होतो. तरी आपलं आधीचं, खोटं ठरलेलं विधान त्यांनी स्वतःच्या तोंडून स्वतःवर घेतलं. त्यामुळे हे भाषण बरंचसं पचलं.

म्हणून नुसता प्रयोग बदलू नकोस. आपल्याकडे 'माझ्याकडून चूक झाली' यातही 'मी' कर्ता नाही, तरी ते प्रामाणिक वाटतं, कारण त्यात माणूस आहे. तुझ्या मसुद्यात 'मी तातडीने चौकशीचे आदेश दिले' आणि 'त्रुटी राहिल्या' ही वाक्यं शेजारी-शेजारी आहेत. आदेश देणारा दिसतो, त्रुटी ठेवणारा दिसत नाही.

चौकशी चालू असताना वकील नाव घेऊ देणार नाहीत, हे मलाही कळतं. मग 'फाइल माझ्याकडे आली होती, मी ती न वाचता सही केली' इतकं, जेवढं साहेबांना नक्की ठाऊक आहे तेवढंच लिही, आणि बाकीचं चौकशीनंतर सांगू, म्हण. साहेब ते वाक्य खोडतील, तर खोडू देत.

तुझा,
बाबाकाका