प्रकल्पाचा विषय पाल्यालाच निवडू द्या



दिवाळीच्या सुट्टीहून वसतिगृहात परतणाऱ्या कित्येक मुलांच्या हाती तयार प्रकल्प असतो. त्यात ज्वालामुखी ठरलेलाच. मातीच्या डोंगरात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, की फेस उसळतो. ‘सोडा दुप्पट घातला तर फेसही दुप्पट येईल का?’ असे विचारताच मूल गप्प होते. कारण तो प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो.

सातवीतील एका मुलीच्या वडिलांनी असेच चारशे रुपयांचे मॉडेल आणण्याची तयारी दर्शविली होती. त्यांची ती एका दिवसाची मजुरी. मुलीच्या मनात मात्र निराळेच होते. उन्हाळ्यात गार पाणी देणारा वसतिगृहातील माठ पावसाळ्यात का रुसतो, हे तिला पाहावयाचे होते. ‘माठावर कसला प्रकल्प?’ ही वडिलांची शंका स्वाभाविक होती.

तिने व्हरांड्यात माठ आणि स्टीलची कळशी शेजारी ठेवून दोहोंत पाच-पाच लिटर पाणी भरले. पहिल्या आठवड्याचे आकडे जुळेनात. तापमापी पाण्याबाहेर काढून वाचल्याने पारा हलतो, हे तिचे तिलाच उमगले व ती पाने तिने खोडली. ऑगस्टमध्ये दुपारी कळशीतील पाणी २७ अंश, तर माठातील २६ अंश भरले. मार्चमध्ये तेच आकडे ३३ आणि २५ झाले. मग तिने दुसऱ्या माठाला बाहेरून तैलरंग लावला. त्यातील पाणी कळशीइतकेच कोमट राहिले. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी एका अंशाने निवते. पावसाळी हवा आधीच ओलसर असते, त्यामुळे पाझर वाळत नाही. हे मी तिला सांगितले ते तिचे आकडे हाती आल्यानंतर.

ऐकीव, परंपरेने आलेले, एवढेच नव्हे तर गुरूने सांगितलेलेही केवळ तेवढ्यावरून स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. आम्हा शिक्षकांची विषयांची यादीही त्यातून सुटत नाही!

मुलांनी निवडलेला विषय पुष्कळदा अवाढव्य असतो, हे खरे. ‘प्रदूषण’ म्हणणाऱ्या मुलाला आपल्याच विहिरीपर्यंत आणणे हे आमचे काम. आपण एवढेच करावे : वही उघडून खाडाखोड आहे का ते पाहावे. नक्कल केलेल्या वहीत ती सहसा आढळत नाही.

त्या मुलीने आता नवा माठ मागितला आहे. जुना माठ कमी गार करतो, तो पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजल्यामुळे की काय, हे तिला ताडून पाहावयाचे आहे. माठ तिचे वडील आणून देणार आहेत.