तीनशे दहाच्या पलीकडे

प्रिय बेटी,



एकाच घरात राहून पत्र लिहितोय, कारण समोर बसून बोलायला लागलो की तू उठून आत जातेस. ‘नीट’चा निकाल लागून चार दिवस झाले. ७२० पैकी ३१०. एमबीबीएसच्या सरकारी जागेला एवढे पुरणार नाहीत, हे मलाही कळते. गुण खोटे आहेत, असे मी म्हणणार नाही. पण ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते पाहू.

काल रात्री तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची शेजारी ठेवून मी मोजले. १८० पैकी १५० प्रश्न तू सोडवलेस. ९२ बरोबर, म्हणजे ३६८ गुण. ५८ चुकले, प्रत्येकी एक वजा. उरले ३१०. आता दुसरी एखादी मुलगी धर. तिने फक्त ९० प्रश्न सोडवले, ८० बरोबर आणि १० चूक. ३२० वजा १०, तिचेही ३१०च! तिला अजून बराच अभ्यासक्रम शिकायचा आहे. तुला बरेच येते, पण कुठे थांबावे ते कळत नाही. आकडा मात्र दोघींचा एकच.

तुझ्या ५८ चुकांतल्या २७ भौतिकशास्त्राच्या आहेत. पण त्यातला अंदाज कोणता आणि खात्रीने लिहिलेले चुकीचे उत्तर कोणते, हे फक्त तुलाच ठाऊक. पेन्सिलने दोन खुणा कर. अंदाज चुकला असेल तर प्रश्न सोडण्याची सवय लागेल. खात्रीने चुकले असेल तर तो धडा पुन्हा मुळापासून वाचावा लागेल.

आणखी एक. रमजानमध्ये असरनंतर दादीला घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही समजलो, रोजाचा थकवा. तू मशीन आणून साखर तपासलीस, ५४ होती. दादी ‘मगरिबला थोडाच वेळ आहे’ म्हणून हट्ट धरून बसली. तू ओरडली नाहीस. ‘आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिलीय, दादी, रोजा नंतर पूर्ण करता येईल,’ म्हणत तिच्या ओठाला साखरेचे पाणी लावलेस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलीस आणि मगच तिला रोटी दिलीस.

कमी साखरेची लक्षणे ओळखा, असा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो. त्याचे चार गुण. हट्टी म्हातारीला रोजा सोडायला राजी कसे करावे, याला चार पर्याय देता येत नाहीत. म्हणून ते तिथे मोजले जात नाही. एवढ्याने डॉक्टरकीची जागा मिळणार नाही, हेही खरे. पण ‘मला काहीच येत नाही’ असे तू काल अम्मीला म्हणालीस, ते चूक आहे.

पुन्हा परीक्षा द्यायची की दुसरी वाट धरायची, ते तू ठरव. फक्त त्या दोन खुणा केल्याशिवाय ठरवू नकोस. पेन्सिल टोक काढून उत्तरपत्रिकेवर ठेवली आहे.

दुआगो,
तुझा अब्बा