अण्णांचा रंग

पाटसला माझ्या स्टुडिओत दहाव्याच्या फोटोचं काम येतं ते घाईतच येतं. गेलेल्या माणसाचा एकट्याचा नीट फोटो घरात बहुतेक वेळा नसतो. मग चेहरा लग्नाच्या घोळक्यातून घ्यायचा आणि सदरा-उपरण्यातलं धड दुसऱ्या फोटोतून. एका अण्णांचं काम मी असंच केलं. त्यात मी चुकलो आणि ते त्यांच्या घरच्यांना सोसावं लागलं.

चेहरा मांडवातल्या पिवळ्या हॅलोजनखालचा होता, धड दिवसाउजेडी काढलेलं, एका गोऱ्या माणसाचं. गळ्याशी रंगाची रेघ उठून दिसत होती. मी `Match Color` उघडलं आणि धडाच्या थराचा रंग चेहऱ्याला दिला. रेघ फिकी झाली. पण तिथं कातडी निवडून दिली नाही तर हिशेब सगळ्या थराचा होतो, आणि धडात कातडीपेक्षा पांढरं कापडच जास्त. तो पांढरेपणा अण्णांच्या गालावर चढला. मला चेहरा उजळ, छान वाटला. दहाव्याला फ्रेम बघून त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, हे आमचं अण्णा वाटत न्हाईत." जन्मभर उन्हात ऊस केलेला माणूस होता तो.

मी फोटो नव्यानं करायला घेतला. तोवर दहावा होऊन गेला होता.

या वेळी आधी हॅलोजनचा पिवळेपणा काढला. अण्णांची टोपी पांढरी, पण `Info` मध्ये तिचा निळा आकडा लाल-हिरव्याच्या बराच खाली होता. `Curves` मधल्या करड्या ड्रॉपरनं टोपीवर टिचकी दिली तसे तिन्ही आकडे जवळ आले. मग गालाचा खरा रंग कळला: लाल 140, हिरवा 100, निळा 80. धडाच्या हाताचा होता 200, 158, 138. चेहऱ्याला मी आणखी हात लावला नाही. धडावर नवा `Curves` थर घेऊन लाल वाहिनीत 200 चा 140 केला, हिरव्यात 158 चा 100, निळ्यात 138 चा 80. मास्क काळा करून पांढऱ्या ब्रशनं फक्त गळा आणि हात उघडले, सदरा तसाच ठेवला. एका बिंदूवर सगळं भागत नाही. बोटांमधली सावली फार काळी पडली, म्हणून तिथं दुसरा बिंदू देऊन ती वर घेतली.

जुळलं की नाही हे बघायला वर `Hue/Saturation` चा थर ठेवून सॅच्युरेशन तात्पुरतं +60 करतो. साध्या नजरेला न दिसणारा गुलाबी-पिवळा फरक त्यात लगेच भडक होतो. तो मिटला की थर काढून टाकायचा.

उजेडाची दिशा मात्र आकड्यांनी जुळत नाही. चेहऱ्यावर डावीकडून उजेड आणि गळ्याची सावली उलट्या बाजूची असेल, तर रंग तंतोतंत जुळूनही डोकं चिकटवलेलंच दिसतं. तेव्हा मी रंगाच्या मागं न लागता दुसरं धड शोधतो.